इंग्रजी वाक्याचा वृक्ष

ज्या वाचकांनी मराठी शाळेत व्याकरणाचा तास काढला आहे, त्यांस वाक्यपृथक्करणाचे कोष्टक सहसा विसरता यावयाचे नाही. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेय, विधेयविस्तार अशी घरे आखावयाची, आणि वाक्यातील एकेक शब्द उचलून आपापल्या घरात नेऊन बसवावयाचा, असा तो उद्योग असे. एकही शब्द बाहेर उरला नाही म्हणजे पृथक्करण पुरे झाले, अशी आमची त्या वेळी समजूत होती. आज भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षात येणारा विद्यार्थी हीच समजूत बरोबर घेऊन येतो. परंतु तेथे त्याच्यापुढे कोष्टकाऐवजी एक उलटे झाड येते. त्याचे मूळ वर असते, फांद्या खाली उतरत जातात, आणि टोकांस पानांप्रमाणे वाक्यातील शब्द लोंबत असतात. विद्यार्थी मनात म्हणतो, हे आपले जुने कोष्टकच आहे, फक्त तिरप्या रेघांनी काढलेले. ही चूक त्याचीच आहे असे नाही. पुष्कळ वर्षे शिकवूनही ती आमच्याकडून झाली, आणि तिची शिक्षा मात्र एका विद्यार्थिनीस भोगावी लागली.

परीक्षेत आम्ही एक साधे इंग्रजी वाक्य दिले होते: ‘शी हिट द थीफ विथ द स्टिक’. तिने चोराला काठीने मारले, एवढाच अर्थ आमच्या डोळ्यांपुढे होता. त्या मुलीने झाड नेटके काढले होते, शब्दांच्या जातीही बरोबर लिहिल्या होत्या. पण ‘विथ द स्टिक’ ही फांदी तिने क्रियापदाच्या समूहास न जोडता ‘थीफ’ या नामाखाली जोडली होती. आम्ही लाल रेघ ओढली आणि दोन गुण कापले. पेपर परत मिळाल्यावर ती आमच्या खोलीत आली आणि संकोचाने म्हणाली, “सर, काठी चोराच्याच हातात असली तर?” आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या उत्तराकडे जाण्यापूर्वी हे झाड कोठून आले, हे पाहणे उपयोगाचे होईल. कारण मुलीच्या प्रश्नाचे मोल त्या इतिहासाखेरीज कळावयाचे नाही.

वाक्याचे चित्र काढण्याची हौस अमेरिकेतील शाळामास्तरांची. न्यूयॉर्क राज्यातील स्टीफन वॉटकिन्स क्लार्क या शिक्षकाने 1847 साली एक इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. त्यात त्याने प्रत्येक शब्दाभोवती लांबट फुगा काढला, आणि हे फुगे एकमेकांस चिकटवून वाक्य उभे केले. कर्ता, क्रियापद व कर्म यांचे फुगे वरच्या ओळीत, आणि त्यांची विशेषणे व क्रियाविशेषणे खाली लोंबणारी. तीस वर्षांनी, 1877 साली, ब्रुकलिन येथील अलोंझो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोघा अध्यापकांनी फुग्यांच्या जागी रेघा आणल्या. ‘द मॅन हिट द बॉल’, म्हणजे ‘त्या माणसाने चेंडू मारला’, हे वाक्य त्यांच्या रीतीने काढावयाचे तर प्रथम एक आडवी रेघ ओढावयाची. तिच्यावर ‘मॅन’, ‘हिट’, ‘बॉल’ हे तीन शब्द ओळीने लिहावयाचे. ‘मॅन’ व ‘हिट’ यांच्यामध्ये उभी रेघ, ती आडव्या रेघेस छेदून खाली जाणारी. ‘हिट’ व ‘बॉल’ यांच्यामध्येही उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवरच थांबणारी. दोन्ही ‘द’ तिरप्या रेघांवर, आपापल्या नामांच्या खाली.

त्या दोन उभ्या रेघांतील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पूर्ण छेदणारी रेघ सांगते की वाक्याचा मोठा तुकडा येथे पडतो. अर्धी रेघ सांगते की हा तुकडा लहान, आतला. म्हणजे ‘हिट’ आणि ‘बॉल’ यांचे नाते ‘मॅन’ आणि ‘हिट’ यांच्या नात्याहून अधिक जवळचे, हे या दोघा मास्तरांस पुरते ठाऊक होते. परंतु त्यांच्या चित्रात एक मोठी उणीव राहिली. ‘टुडे ही केम’ आणि ‘ही केम टुडे’ या दोन्ही वाक्यांचे चित्र एकच निघते, कारण ‘टुडे’ कोठेही असला तरी तो ‘केम’ खालच्या तिरप्या रेघेवरच जातो. चित्रावरून शब्दांचा क्रम परत मिळवता येत नाही. इंग्रजीसारख्या भाषेत, जेथे क्रमावर अर्थ अवलंबून असतो, तेथे ही उणीव क्षुल्लक म्हणता येणार नाही.

दुसरी उणीव याहून खोल होती. हा शब्द या रेघेवर का, असे विचारले तर उत्तर एकच मिळे: त्याचा अर्थ तसा आहे म्हणून. अर्थ आधी ठरवावयाचा आणि मग त्याचे चित्र काढावयाचे. हा क्रम बदलण्याचे श्रेय बऱ्याच अंशी लिओनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाकडे जाते. 1933 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात त्याने ‘पुअर जॉन रॅन अवे’ हे चार शब्दांचे वाक्य घेतले आणि प्रश्न केला तो असा, की याचे प्रथम दोन तुकडे करावयाचे तर कोठे करावे? ‘पुअर जॉन’ हा एक आणि ‘रॅन अवे’ हा दुसरा, असे कोणीही इंग्रजी बोलणारा मनुष्य सांगेल. मग त्या प्रत्येकाचे पुन्हा तुकडे करावयाचे, आणि असे शेवटापर्यंत उतरत जावयाचे. या तुकड्यांस त्याने ‘निकटचे घटक’ अशा अर्थाचे नाव दिले. वाक्य हे मण्यांच्या माळेसारखे एकापुढे एक ओवलेले नसून डब्यात डबी, डबीत डबी असे रचलेले आहे, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होय.

पण ‘कोणीही सांगेल’ हे शास्त्राचे उत्तर नव्हे. दोघांनी दोन प्रकारे सांगितले तर काय करावे? 1947 साली रूलन वेल्स याने याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. ‘द किंग ऑफ इंग्लंड ओपन्ड पार्लमेंट’ हे त्याचे उदाहरण. त्याचा पहिला तुकडा ‘इंग्लंड’ या शब्दानंतर पडतो, ‘किंग’ या शब्दानंतर नव्हे. याचे कारण अदलाबदलीत सापडते. ‘द किंग ऑफ इंग्लंड’ या चार शब्दांच्या जागी ‘जॉन’ हा एकच शब्द घातला, आणि ‘ओपन्ड पार्लमेंट’ या दोहोंच्या जागी ‘वर्क्ड’ घातला, तरी ‘जॉन वर्क्ड’ हे वाक्य धड उभे राहते. उलट ‘इंग्लंड ओपन्ड पार्लमेंट’ हे तीन शब्द शेजारी शेजारी आहेत, वेगळे काढले तर वाक्यासारखे दिसतातही. तथापि या वाक्यात त्यांचा एक समूह होत नाही. शेजार म्हणजे नाते नव्हे. जो शब्दसमूह एका शब्दाच्या जागी राहू शकतो तोच घटक, आणि प्रत्येक घटकास झाडात एक गाठ, ही कसोटी विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच हाती धरावी.

आता 1957 साल येते. नोम चॉम्स्की याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या टिपणांतून ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ हे लहानसे पुस्तक तयार झाले व हेग येथे छापले गेले. त्यात ‘द मॅन हिट द बॉल’ हेच वाक्य आहे. पण आता त्याचे तुकडे वरून खाली, नियमांनी पडतात. ते नियम आमच्या शब्दांत असे:

वाक्य → नामसमूह + क्रियासमूह
नामसमूह → उपपद + नाम
क्रियासमूह → क्रियापद + नामसमूह
उपपद → द
नाम → मॅन, बॉल
क्रियापद → हिट

कागदाच्या माथ्यावर ‘वाक्य’ लिहावे. पहिल्या नियमाने त्यातून दोन फांद्या उतरवाव्यात, डावीकडे नामसमूह, उजवीकडे क्रियासमूह. डाव्या नामसमूहातून उपपद व नाम. उजव्या क्रियासमूहातून क्रियापद आणि आणखी एक नामसमूह. या दुसऱ्या नामसमूहातून पुन्हा उपपद व नाम. शेवटी प्रत्येक टोकाखाली एकेक शब्द लिहिला की झाड पुरे झाले. टोकांचे शब्द डावीकडून उजवीकडे वाचावेत, आणि मूळ वाक्य जसेच्या तसे निघाले पाहिजे. रीड-केलॉगच्या चित्रात हरवलेला क्रम येथे आपोआप सांभाळला जातो. जागा वाचवावयाची असेल तर तेच झाड कंसांनीही लिहिता येते:

[ [द मॅन] [हिट [द बॉल]] ]

प्रत्येक कंसाची जोडी ही एक गाठ होय.

येथे नवशिका हटकून एक चूक करतो. वाक्य डावीकडून वाचत गेल्यामुळे तो ‘द मॅन हिट’ असा पहिला समूह करतो आणि ‘द बॉल’ त्याला मागाहून चिकटवतो. ही चूक आहे हे कशावरून कळते? ‘द मॅन हिट द बॉल, अँड द बॉय डिड टू’ हे वाक्य घेऊन पाहावे. ‘आणि त्या मुलानेही’ असे आपण मराठीत म्हणू. येथे ‘डिड’ या एका शब्दाने ‘हिट द बॉल’ हे तिन्ही शब्द गिळले आहेत. ‘द मॅन हिट’ एवढेच गिळणारा एकही शब्द इंग्रजीत सापडत नाही. म्हणून क्रियापद आणि कर्म यांचा समूह खरा, आणि कर्ता त्याच्या बाहेर.

एवढी सामग्री हाती आल्यावर आता आमच्या विद्यार्थिनीच्या काठीकडे वळू. ‘शी हिट द थीफ विथ द स्टिक’ या वाक्यात ‘थीफ’ या एका शब्दाऐवजी ‘द थीफ’ या दोन शब्दांच्या जागी ‘हिम’ हे सर्वनाम घालावे. ‘शी हिट हिम विथ द स्टिक’ असे झाले, आणि अर्थ एकच उरला: काठी तिच्या हातात आहे. उलट ‘द थीफ विथ द स्टिक’ या पाचही शब्दांच्या जागी ‘हिम’ घालावे. ‘शी हिट हिम’ एवढेच राहिले, आणि काठी चोराबरोबर निघून गेली. एकाच वाक्यात अदलाबदल दोन ठिकाणी होते आणि प्रत्येक वेळी निराळा अर्थ मागे राहतो. याचा अर्थ, ऐकू येणारी शब्दांची ओळ एक असली तरी झाडे दोन आहेत:

[ शी [ [हिट [द थीफ]] [विथ [द स्टिक]] ] ]
[ शी [ हिट [द [थीफ [विथ [द स्टिक]]]] ] ]

पहिल्या झाडात ‘विथ द स्टिक’ ही फांदी क्रियासमूहास लागली आहे. दुसऱ्यात ती ‘थीफ’ ला लागली असून, ‘द’ हे उपपद त्या दोहोंच्या वर बसले आहे. वाक्याची कर्मणी रचना केली तर हा भेद उघड्यावर येतो. ‘द थीफ विथ द स्टिक वॉज हिट’ म्हटले की काठी चोराची. ‘द थीफ वॉज हिट विथ द स्टिक’ म्हटले की ती मारणाऱ्याची. कर्म जागा सोडून पुढे जाते तेव्हा अखंड घटकच बरोबर घेऊन जाते, घटकाचा तुकडा तोडून नेत नाही.

मराठी विद्यार्थ्यास हा भेद विशेष अवघड का वाटतो, याचेही कारण येथे सांगण्यासारखे आहे. आपण म्हणतो, ‘तिने काठीने चोराला मारले’, किंवा ‘तिने काठीवाल्या चोराला मारले’. ‘ने’ हा प्रत्यय आणि ‘वाल्या’ हे पद आपले काम शब्दाच्या अंगावरच करून मोकळे होतात. ऐकणाऱ्यास फांदी शोधावी लागत नाही. पाणिनीच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिल्या वाक्यातील काठी हे करण आहे, दुसऱ्यातील काठी क्रियेचे कारकच नव्हे. इंग्रजीत मात्र ‘विथ’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो, आणि कोणते काम चालले आहे ते केवळ फांदी कोठे जोडली यावरून ठरते. आमचे जुने कोष्टक मराठीवर एवढे बिनबोभाट चालले याचे कारण हेच असावे. मराठीत पुष्कळ वेळा नाते प्रत्ययावरच लिहिलेले असते.

पहिल्या झाडाकडे आणखी एकदा पाहू. कारण येथेही बहुतेक वह्यांत एक आळस दिसतो. क्रियासमूहातून ‘हिट’, ‘द थीफ’ आणि ‘विथ द स्टिक’ अशा तीन फांद्या एकाच गाठीतून सोडून देतात. आम्ही वर ‘हिट द थीफ’ यास निराळा कंस घातला आहे, तो उगीच नव्हे. ‘शी हिट द थीफ विथ अ स्टिक, अँड आय डिड सो विथ अ स्टोन’, म्हणजे ‘मी दगडाने’, हे वाक्य शुद्ध आहे. येथे ‘डिड सो’ ने केवळ ‘हिट द थीफ’ एवढेच गिळले, काठी बाहेर ठेवली. म्हणून ‘हिट द थीफ’ हा स्वतंत्र घटक आहे, आणि त्यास स्वतंत्र गाठ हवी. आता ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ हे दिसावयास अगदी तसलेच वाक्य घ्या. ‘अँड आय डिड सो ऑन द चेअर’ असे त्यापुढे जोडून पाहा. इंग्रज मनुष्य कानांवर हात ठेवील. ‘पुट’ या क्रियापदास वस्तूबरोबर जागाही हवीच असते. ‘शी पुट द बुक’ एवढ्यावर वाक्य पुरे होत नाही. येथे तीन फांद्या एकाच गाठीतून निघाल्या तर तक्रार करण्याचे कारण नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन वाक्यांची झाडे निराळी का, याचे उत्तर शब्दांच्या जातींत नाही, क्रियापदाच्या गरजेत आहे.

झाडाची धाव कोठे संपते, हेही त्याच 1957 च्या पुस्तकात दिसते. ‘द पोलीस ब्रॉट इन द क्रिमिनल’, पोलिसांनी गुन्हेगारास पकडून आणले. येथे ‘ब्रॉट इन’ हे दोन शब्द मिळून एकच क्रिया होते. पण इंग्रज ‘द पोलीस ब्रॉट द क्रिमिनल इन’ असेही तितक्याच सहज म्हणतो. आता ‘ब्रॉट’ आणि ‘इन’ यांना एका गाठीखाली आणावयाचे तर मधल्या ‘द क्रिमिनल’ ची फांदी ओलांडावी लागते, आणि वरील नियमांनी काढलेल्या झाडात फांदीने फांदीस छेदणे शक्यच नसते. चॉम्स्कीचे उत्तर असे की, प्रथम पहिल्या वाक्याचे झाड काढावे आणि मग ‘इन’ ला उचलून शेवटी नेणारा एक निराळा नियम लावावा. दुसरे उदाहरण ‘द शूटिंग ऑफ द हंटर्स’ हे. शिकाऱ्यांनी केलेला गोळीबार, की शिकाऱ्यांवर झालेला? येथे अर्थ दोन आहेत. पण काठीच्या वाक्याप्रमाणे फांदी हलवून ते वेगळे करता येत नाहीत, कारण दोन्ही अर्थांस त्या शब्दांचे झाड एकच पडते. भेद दाखवावयाचा तर ‘शिकारी गोळ्या झाडतात’ आणि ‘ते शिकाऱ्यांवर गोळ्या झाडतात’ या दोन मूळ वाक्यांपर्यंत मागे जावे लागते. म्हणून प्रत्येक द्व्यर्थी वाक्यास दोन झाडे असलीच पाहिजेत, असा उलटा सिद्धांत कोणी करू नये.

पुढील काळात गाठींची नावे बदलली. 1977 साली रे जॅकेंडॉफ याच्या ग्रंथाने समूहांच्या आतील मधल्या पायऱ्यांची मांडणी पक्की केली; वर आम्ही ‘थीफ विथ द स्टिक’ यास दिलेली मधली गाठ त्याच घराण्यातील. 1987 साली स्टीव्हन ॲब्नी याने आपल्या प्रबंधात असे मांडले की ‘द मॅन’ या समूहाचा प्रमुख ‘मॅन’ नसून ‘द’ आहे. त्यामुळे आजच्या दोन पाठ्यपुस्तकांत एकाच वाक्याच्या गाठींवर दोन निराळी नावे आढळतील, आणि विद्यार्थी गोंधळतील. त्यांनी नावे आपल्या पुस्तकाप्रमाणे लिहावीत. परंतु काठीची फांदी चोराला की मारण्याला, हा प्रश्न तिन्ही काळांत तोच राहिला आहे आणि त्याचा निकालही त्याच कसोट्यांनी लागतो.

असो. त्या मुलीने आपले झाड कसोट्या लावून काढले होते की सहज सुचले म्हणून, हे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “सर, मला चोराच्याच हातात काठी दिसली.” म्हणजे तिने अर्थ आधी पाहिला आणि झाड मागून काढले, आणि आम्हीही नेमके तेच केले होते, दोघांचे अर्थ निराळे, एवढाच काय तो फरक. मग आम्ही दोघांनी मिळून वर सांगितलेली अदलाबदल कागदावर करून पाहिली, आणि तिचे झाड दुसऱ्या अर्थास पुरेपूर उतरले. कापलेले दोन गुण आम्ही तिला परत दिले. तेव्हापासून हे वाक्य परीक्षेत घालताना आम्ही अर्थही प्रश्नातच लिहून देतो. आणि अर्थ लिहावयाचा नसेल, तर दोन झाडे मागतो.